नट निघाले, पण चाक निघेना

दर वर्षी चवथ जवळ आली की माझ्या गॅरेजला तोच फोन येतो. पंक्चर झालंय, जॅक लावलाय, चारही नट काढलेत, आणि चाक जागचं हलत नाही. जणू वेल्डिंग केलंय. फोन करणारा दमलेला असतो, बहुधा पावसात भिजलेला असतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातोडा मारू का?

माझं गॅरेज पेडणे तालुक्यात आहे. हरमल, मांद्रे, केरीकडच्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात, आणि त्यातल्या अलॉयवाल्या गाड्यांची ही तक्रार मला पाठ झाली आहे. यंदा आमच्या मास्तरांच्या गाडीवर हा सगळा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाला, म्हणून तीच गाडी धरून लिहितो.

मास्तर तेरेखोलला नातेवाइकांकडे गेले होते. संध्याकाळी फेरीतून केरीला उतरले आणि पालयेच्या दिशेने येताना पुढचं डावं चाक बसलं. बरोबर कॉलेजात शिकणारा भाचा होता. पोरगा हुशार, पण घाईचा. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला ओल्या जांभ्यावर घेतली, गाडीतलाच कात्री जॅक लावला, चारही नट पूर्ण काढून डब्यात टाकले आणि टायरला लाथा मारायला सुरुवात केली. सातव्या की आठव्या लाथेला जॅक तिरका झाला आणि गाडी धप्पकन खाली बसली.

चाक अडकलेलं होतं म्हणूनच वाचले. ते त्याच वेळी सुटून बाजूला पडलं असतं तर गाडी ब्रेकच्या डिस्कवर आदळली असती, आणि भाच्याचा पाय तिथेच होता. मास्तरांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "बाबू, आता काय करू?" मी म्हटलं, "मास्तर, आधी चारही नट परत लावा. बाकी सगळं नंतर."

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण अडकलेल्या चाकापेक्षा अचानक सुटलेलं चाक जास्त धोक्याचं. चाक सोडवायची कुठलीही खटपट करताना नट पूर्ण काढायचे नाहीत. प्रत्येक नट दोन-तीन आटे धरून राहिला पाहिजे. चाकाला हलायला तेवढी जागा पुरते, आणि सुटलं तरी ते नट बसतात त्या स्टडवरच राहतं, अंगावर येत नाही.

चाक नेमकं कुठे अडकतं

बहुतेकांना वाटतं की चाकाची मागची सपाट बाजू हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटली. चिकटते थोडी, पण खरी पकड तिथे नसते. हबच्या मधोमध एक गोल कडं पुढे आलेलं असतं. चाकाच्या मधल्या भोकात ते अगदी नेमकं बसतं, आणि चाक मध्यावर येतं ते याच कड्यामुळे. लहान गाड्यांमध्ये हे भोक साधारण ५४ मिलिमीटरचं असतं, आणि कडं व भोक यांच्यातली मोकळी जागा जेमतेम केसाएवढी. त्या फटीत गंज धरतो.

लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. केसाएवढ्या फटीत तो फुगला की पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. त्यात अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम आणि हब लोखंडाचं. दोन वेगळे धातू टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. त्याची पांढरी पूड होते. ही पूडही मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. म्हणजे फट दोन्ही बाजूंनी भरत जाते. लोखंडी रिमवाल्या गाड्यांतही चाक अडकतं, पण असं नाही.

आमच्याकडे खारं पाणी शोधायला जावं लागत नाही. किनाऱ्याजवळ दारात उभ्या गाडीच्या काचेवर सकाळी बोट फिरवून जिभेला लावलं तर चव कळते. फेरीबोटीच्या धक्क्यावर तर भरतीच्या वेळी रॅम्पवरून पाणी चढतं आणि पुढची चाकं त्यातून जातात. नदी असली तरी मुखाजवळचं ते पाणी खारंच. मास्तर महिन्यातून चार वेळा फेरीने जातात आणि घरी आले की गाडी पत्र्याच्या शेडखाली तशीच उभी करतात. पावसाचं पाणी निदान गोडं, ते मीठ धुऊन तरी नेतं. शेडखालच्या गाडीची चाकं ना धुतली जातात, ना धड सुकतात. (वाळूवर गाडी नेऊन लाटेत चाकं भिजवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. गोव्यात त्याला बंदी आहे, तरी पर्यटनाच्या दिवसांत तशा गाड्या येतातच.)

अडकण्याची जागा मधलं कडं आहे हे एकदा कळलं की काय करायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं. घरात एकात एक अडकलेले स्टीलचे पेले सोडवायचे असतील तर आपण ते सरळ ओढत नाही. थोडे तिरके करून, एकदा इकडे एकदा तिकडे हलवून सोडवतो. चाकाचंही तेच. दोन्ही हातांनी धरून सरळ स्वतःकडे ओढलं तर कड्याच्या सगळ्या बाजू एकदम पकडतात. वरून थोडं बाहेर, मग खालून थोडं बाहेर, असं डुलवलं की गंज एका कडेने तुटत जातो.

रस्त्यावर असाल तर

मास्तरांच्या जागी त्या रात्री रस्ता उतरता होता, कडेची जमीन ओली होती आणि अंधार पडला होता. अशा जागी चाक सोडवायच्या नादाला लागायचंच नाही. मी पोहोचलो तेव्हा नट लावलेले होते. पहिल्यांदा ते घट्ट केले. मग टॉर्च मारून टायर पाहिला, तर खिळा तसाच रुतलेला होता आणि हवा हळू जात होती. खिळा उपटला नाही. बारा व्होल्टच्या पंपाने नेहमीपेक्षा थोडी जास्त, ३५ पीएसआय हवा भरली आणि माझ्या मागोमाग हळूहळू गाडी गॅरेजला आणली. आल्यावर मोजली तर २६ उरली होती. पंक्चर म्हणजे चाक लगेच काढायलाच हवं असं नाही. खिळा आत असेल आणि टायर फाटला नसेल, तर लहानसा पंप तुम्हाला सपाट जागेपर्यंत पोहोचवतो.

पंप नसेल, पण जागा सपाट, कोरडी आणि रहदारीपासून दूर असेल, तर एक उपाय करून पाहता येतो. गाडी जमिनीवरच ठेवायची, जॅक नाही. त्या चाकाचे सगळे नट अर्धा ते एक फेरा सैल करायचे, त्याहून जास्त नाही. मग गाडीच्या कडेला उभं राहून छप्पर धरून गाडी आडवी डुलवायची. गाडीचं वजन चाकाला दोन्ही बाजूंना वाकवतं आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच 'कट्ट' असा आवाज येतो. नाही आला तर गाडीत बसून चालण्याच्या वेगाने दोन-तीन फूट पुढे, ब्रेक. दोन-तीन फूट मागे, ब्रेक. स्टिअरिंग थोडं एका बाजूला वळवून पुन्हा एकदा. आवाज आला की तिथेच थांबायचं.

याला मर्यादा आहे. असं तीन-चार वेळाच. नट सैल असताना चाक स्टडवर आदळत असतं आणि स्टडचे आटे खराब होतात. या अवस्थेत गाडी रस्त्यावर घ्यायची नाही, अगदी समोरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. काही गाड्यांना स्टड-नट नसून सरळ बोल्ट असतात. तिथेही हा उपाय चालतो, पण बोल्ट अर्ध्या फेऱ्यावर सोडू नका, त्याहून कमीच.

गॅरेजमध्ये, दुसऱ्या दिवशी

रात्री गाडी लावतानाच मी एक काम करून ठेवलं. चाकाच्या मधली कंपनीची टोपी काढली. ती मागून ढकलायची असते, आणि चाक अडकलेलं असताना मागून हात जात नाही. म्हणून पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून बाहेरूनच हळूच उचकटली. लोखंडी पेचकस घातला तर अलॉयवर चरा पडतो. टोपी निघाली की हबचं टोक आणि त्याच्याभोवतीची ती गोल फट डोळ्यांना दिसते. मास्तरांच्या गाडीत ती फट दिसतच नव्हती. तिथे नारिंगी रंगाचं एक कडं होतं, आणि त्याला लागून चुना सांडल्यासारखी पांढरी रेघ.

गंज सोडवणाऱ्या स्प्रेला बारीक नळी लावून त्या कड्यावर गोल एक फेरी मारली. दहा मिनिटांनी दुसरी. बस. अख्खा डबा रिकामा करू नका. जास्तीचं तेल मागे जाऊन डिस्कवर आणि पॅडवर उतरतं, आणि तेल प्यायलेला ब्रेक पॅड पुन्हा चांगला होत नाही, बदलावाच लागतो. स्टडवर आणि नटच्या बसण्याच्या जागेवर तर अजिबात मारायचं नाही. तिथे तेल असलं की तोच पाना त्याच जोराने फिरवला तरी नट नको तितका आवळला जातो. खाली फडकं धरायचं, ओघळ पुसायचे आणि रात्रभर मुरू द्यायचं.

काही लोक तेलाऐवजी केरोसीन ओततात. मुरतं ते चांगलं, मान्य. पण ते थांबत नाही, सगळीकडे पसरतं आणि पेट घेतं. मी वापरत नाही.

सकाळी गाडी अंगणात घेऊन नट एक फेरा सैल केले आणि पुढे-मागे करून पाहिलं. तीनदा केलं. काही नाही. मग गाडी सपाट काँक्रीटवर घेतली, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला, जॅकने पुढची बाजू उचलली आणि जॅकपॉइंटच्या शेजारी टेकूची घोडी लावून वजन तिच्यावर सोडलं. जॅक काढला नाही, पण भरवसा घोडीवर. घरी घोडी नसेल तर स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवा. सरकलीच गाडी, तर तिच्यावर बसेल. जॅक एकटा असताना चाकाला धक्का मारायचा नाही. भाच्याला हे आता समजावून सांगावं लागत नाही.

पहिली खटपट पायांची. जमिनीवर चाकासमोर बसायचं, हात मागे टेकायचे, आणि दोन्ही टाचांनी टायरच्या तळाच्या बाजूला, डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा, दाबून ढकलायचं. लाथ नाही, जोराचा दाब. मग चाक अर्धा फेरा फिरवायचं, म्हणजे आधीची खालची बाजू वर येते, आणि पुन्हा तेच. टाच टायरच्या रबराला लागली पाहिजे, अलॉयला नाही. वजनदार माणूस असेल तर निम्म्या गाड्या इथेच सुटतात. मी वजनदार आहे, तरी मास्तरांचं चाक सुटलं नाही.

दुसरी खटपट आतल्या बाजूने. गाडीच्या खालून नाही, चाकाच्या मागून, स्टिअरिंग पूर्ण वळवून. टायरच्या आतल्या बाजूला सागवानाचा किंवा कुठल्याही जड लाकडाचा हातभर ठोकळा टेकवायचा आणि त्याच्यावर मध्यम वजनाचा हातोडा मारायचा. घाव पुन्हा रबरावरच. दोन घाव, चाक पाव फेरा फिरवायचं, पुन्हा दोन घाव. एकाच जागी दहा घाव घालून काही होत नाही, कारण चाक एका बाजूने तिरकं होऊन तसंच पकडून बसतं. रबरी हातोडा असेल तर ठोकळाही नको.

इथे माझीच एक गोष्ट. मी शिकाऊ होतो तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये अशाच एका अडकलेल्या चाकाला मागून सरळ लोखंडी घण घातला होता. दोन घाव. चाक निघालं. आतल्या कडेला जरासा खड्डा पडला होता, तो कुणी पाहिला नाही. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं, टायरमधली हवा रोज उतरते म्हणून. टबात बुडवून पाहिलं तर त्या खड्ड्यापासून केसासारखी चीर गेली होती. अॅल्युमिनियम ओतलेलं असतं. लोखंडी रिम वाकते, ते तडकतं. त्या चाकाचे पैसे माझ्या पगारातून गेले, आणि ते बरोबरच होतं.

ठोकळ्याचे दोन फेरे झाले तरी चाक तसंच होतं. जास्त जोर लावायचा नव्हता, कारण चाकावरचा प्रत्येक घाव हबमधल्या बेअरिंगपर्यंत जातो. आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडले की पुढे गाडी वेगात घुमल्यासारखी घूं-घूं करते, आणि मग चाक सोडवायच्या खर्चात बेअरिंगचा खर्च येतो.

मग किटली आणली. हा उपाय मला त्या पेल्यांनीच शिकवला. आई बाहेरचा पेला गरम पाण्यात धरायची आणि आतल्यात थंड पाणी ओतायची. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५४ मिलिमीटरचं भोक साठ अंशांनी तापलं तर ते सात शतांश मिलिमीटर मोठं होतं, म्हणजे पुन्हा त्या केसाएवढंच, पण आपल्याला हवं आहे ते तेवढंच. उकळतं पाणी चाकाच्या मध्यावर, आऱ्या जिथे एकत्र येतात तिथे, गोल फिरवत हळू ओतायचं. हबच्या टोकावर ओतायचं नाही, नाहीतर आतलं लोखंडही तापून फुगेल आणि सगळा फायदा जाईल. एक किटली पुरते. पायात बूट, हातात मोजे, आणि वाफेपासून तोंड लांब. ओतून झालं की वेळ घालवायचा नाही, लगेच टाचांनी डुलवायचं.

दुसऱ्या धक्क्याला कट्ट झालं. फार मोठा आवाज नाही, सुकी फांदी मोडल्यासारखा. चाक नटांवर टेकलं आणि हातात डुलायला लागलं. मास्तर शेजारी खुर्चीवर बसले होते. ते उठून म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच. पण काल रात्री एवढंसुद्धा करायला जागा नव्हती."

गॅसची ज्योत लावायची नाही. कुणीही सांगितलं, कितीही वर्षांचा मिस्त्री असला, तरी नाही. उकळतं पाणी शंभर अंशांवर थांबतं, ज्योत थांबत नाही. अलॉयला त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. पुन्हा जास्त तापवलं की ती उतरते, आणि वरून काही दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे आतलं रबर तापून टायर फुटू शकतो, हवा काढलेली असली तरी. आत तयार झालेला वायू पेट घेतो. टायरचा स्फोट माणूस मारतो. पहार घालून चाक उचकटणंही तसंच टाळायचं. पहारीला टेकायला मागे डिस्क, कॅलिपर किंवा एबीएसची वायर यांच्याशिवाय काही नसतं.

किटलीनंतरही चाक हललं नाही तर पुन्हा स्प्रे मारून एक रात्र द्या आणि सकाळी किटली पुन्हा करा. दोन रात्रींत मला न सुटलेलं चाक अजून भेटलेलं नाही. पण तुमच्याकडे तसं झालं, किंवा डुलवताना चाकाबरोबर हबच खडखडायला लागलं, तर थांबा. मग गाडी लिफ्ट असलेल्या गॅरेजची आहे.

मागच्या चाकाबद्दल एक छोटी गोष्ट. लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी बहुधा ब्रेकचा ड्रम असतो. तिथे चाक ड्रमला धरून बसतं, आणि खूप जोर लावला तर ड्रमसकट बाहेर येऊ पाहतं. हँडब्रेक ओढलेला असला की आतले शूज ड्रमला धरून ठेवतात, म्हणून मागच्या चाकाला तो ओढूनच काम करा. चाक फिरवता येत नाही, मग धक्के वेगवेगळ्या जागी द्यायचे. ड्रम हलताना दिसला तर जोर थांबवा.

आणि बाजारातून नंतर बसवलेले अलॉय असतील तर अजून एक घोळ असतो. त्यांचं मधलं भोक मोठं असतं आणि फरक भरायला आत एक कडी घातलेली असते. कडी अॅल्युमिनियमची असेल तर बऱ्याचदा चाक निघतं आणि कडी हबवर अडकून राहते. तिला तसंच विसरू नका, काढून साफ करा. चाक परत लावताना ती जागेवर नसली तर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत फिरतात.

परत अडकू नये म्हणून

चाक काढल्यावर मास्तरांना दाखवलं. हबच्या कड्यावर अर्ध्या घेरात बोटभर रुंद नारिंगी गंज, खपल्या सुटलेल्या. चाकाच्या भोकात त्याच जागी पांढरी पूड, नखाने खरवडली की भुगा पडायची. सपाट बाजूवर मात्र नुसते डाग.

लोखंडाला वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी येईपर्यंत. कड्याचा कोपरा, जिथे ते सपाट भागाला मिळतं, तिथे गंज लपतो. तो कोपरा पेपराची घडी घालून काढायचा. अलॉयला वायर ब्रश नाही, ड्रिलला लावलेली वायरची चकती तर नाहीच. भोकातलं अॅल्युमिनियम खरवडून गेलं की भोक सैल होतं आणि ते परत येत नाही. तिथे भांडी घासायची हिरवी घासणी आणि धीर. पूड गेली, बोट गुळगुळीत फिरलं की झालं. शेवटी दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसायच्या. सपाट भागावर गंजाची एक खपली राहिली तरी चाक तिच्यावर टेकून आवळलं जातं. पुढे ती चुरडते, नट सैल होतात, आणि तोपर्यंत ब्रेक मारताना पायाला धडधड लागते.

आता ग्रीस. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत कुणीतरी प्रेमाने मूठभर चॅसी ग्रीस थापलेलं असतं, हबवर, स्टडवर, सगळीकडे. ब्रेक तापला की ते पातळ होतं आणि फेकलं जाऊन डिस्कवर येतं. लावायचं ते न चिकटू देणारं, उष्णता सोसणारं पेस्ट, शक्यतो सिरॅमिकवालं. तांब्याचं मी अलॉयला लावत नाही, आणखी एक तिसरा धातू कशाला. आणि लावायचं फक्त त्या मधल्या कड्यावर. बोटाने इतकं पातळ की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. सपाट भाग कोरडा, स्टड कोरडे, नटचा उतार कोरडा. चाक हबवर धरून राहतं ते नटांच्या दाबाने आणि त्या दोन सपाट भागांच्या घर्षणाने. तिथे ग्रीस म्हणजे त्या घर्षणालाच सुट्टी.

नट आधी हाताने, शेवटपर्यंत. मग समोरासमोरचे आलटून पालटून, आणि शेवटची आवळणी गाडी जमिनीवर आल्यावर. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. लहान गाड्यांना बहुधा १०० न्यूटन मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर हिशोब असा: पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ४० किलो वजनाचा दाब. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या की याच्या दुप्पट सहज होतं, आणि पुढच्या पंक्चरला नटच निघत नाहीत. तो वेगळाच त्रास.

राहिलेल्या तीन चाकांपैकी दोन टाचेनेच सुटली, मागचं उजवं नुसतं हाताने आलं. ते फेरीच्या पाण्यात कमी बुडत असावं, किंवा दोन वर्षांपूर्वी त्याचं पंक्चर काढलं होतं म्हणून. मला दुसरं कारण जास्त पटतं. चाक वर्षातून एकदा जरी उतरलं तरी गंजाला फट भरायला वेळ मिळत नाही. म्हणून मास्तरांना दोन वेळा ठरवून दिल्या आहेत: मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी, आणि चवथ उरकल्यावर. चारही चाकं काढायची, कडं पुसायचं, पेस्टचं बोट फिरवायचं. टायरची अदलाबदलही तेव्हाच. आणि फेरीतून घरी आलं की नळाच्या साध्या पाण्याने चाकं आतून-बाहेरून धुवायची. प्रेशर वॉशर नको. धुतल्यावर वाड्यात एक चक्कर मारायची, म्हणजे ब्रेकही सुकतात.

शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला मास्तर आले. सोळापैकी एकच नट थोडा फिरला, मागच्या डाव्याचा. चाक उतरवून पाहिलं तर सपाट भागावर, स्टडच्या मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी गंजाची खपली राहिली होती. ती माझ्याकडूनच राहिली होती. काढली, पुसली, परत आवळलं. तोपर्यंत भाचा डिकी उघडून बसला होता. त्याने स्वतःच्या पैशांनी घोडी विकत आणली होती आणि ती स्टेपनीशेजारी कशी बसेल ते पाहत होता.